"विडी दिली की माणसात येतंय": क्लोझापिनवरच्या एका रुग्णाचं प्रकरण

कपाळावर चार टाके पडलेला दादा मागच्या बाकावर बसला होता आणि त्याची आई माझ्या टेबलाशी उभी राहून सांगत होती, "विडी बंद केली की मरायला टेकतंय मॅडम. विडी दिली की माणसात येतंय. आम्ही करून बघितलंय."

तिच्या त्या "करून बघितलंय"मुळे मी गप्प बसले. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतकं का ओढतात, यावर आम्ही मानसोपचार विभागातले लोक वर्षानुवर्षं एक उत्तर देत आलो आहोत: तो त्याचा स्वतःचा इलाज आहे, निकोटिननं त्याचं डोकं ताळ्यावर राहतं. या घरानं तर त्याचा प्रयोगच करून दाखवला होता. विडी काढली तर माणूस कोसळला, परत दिली तर उभा राहिला. पुढचे काही महिने मीही तोच निष्कर्ष मनात धरून होते. तो चुकीचा होता हे दादाच्या बहिणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या नोंदींमुळे कळलं.

मी सोलापुरात एका बाह्यरुग्ण विभागात मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. दादाची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत, काही दुसऱ्या रुग्णांकडून उसने घेतले आहेत. त्याला इथेही दादाच म्हणते, कारण सगळी हकिकत मला त्याच्या धाकट्या बहिणीकडून मिळाली आणि ती त्याला दादा म्हणते.

घर

दादा एक्केचाळीस वर्षांचा. आई विडी कामगार, घरीच वळते. दारात सूप मांडीवर घेऊन बसायचं, ओल्या पानाचे साच्यावर तुकडे कापायचे, चिमूटभर जर्दा, वळण, दोरा. मोजणीला नापास होतील अशा सैल, वाकड्या विड्या ती आधीच बाजूला काढते. त्या दादाच्या. म्हणजे या घरात विडीसाठी पैसे लागत नाहीत आणि बाहेरही जावं लागत नाही. सोडण्याचा सल्ला देणाऱ्यानं हे आधी बघायला हवं होतं. आम्ही बघितलं नव्हतं. आमच्या कागदावर "धूम्रपान: हो" एवढंच लिहिलेलं होतं.

पहिली विडी सोळाव्या वर्षी, आजार एकविसाव्या वर्षी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं. मग कित्येक वर्षं हॅलोपेरिडॉल आणि जोडीला अंग आखडू नये म्हणून दुसरी गोळी. बहीण सांगते की त्या काळात विड्या वाढून साठावर गेल्या. आजारावरच्या दोन वेगवेगळ्या औषधांनी पुरेसा गुण आला नाही म्हणून चौतिसाव्या वर्षी क्लोझापिन सुरू झालं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची ठरलेली तपासणी चालू ठेवून डोस हळूहळू रोज ४०० मिलिग्रॅमवर नेला. आवाज मंदावले, संशय गेला. विड्याही चाळीसवर उतरल्या.

हा उतार योगायोगाचा नसावा. हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधं मेंदूतल्या डोपामिनची वाट घट्ट अडवतात. आवाज कमी होतात, पण माणूस जडही होतो, कशात रस वाटत नाही. निकोटिन डोपामिन सोडायला लावतं, त्यामुळे तो जडपणा घटकाभर हलतो. हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर रुग्ण जास्त ओढू लागतात आणि क्लोझापिनवर आल्यावर काही जण कमी ओढतात, हे दुसरीकडेही दिसलेलं आहे. तेव्हा "स्वतःचा इलाज" या कल्पनेत तथ्याचा अंश आहे. मात्र तो इलाज आजारावर कमी आणि आमच्या औषधाच्या त्रासावर जास्त होता.

कॅलेंडरवरचे तीन आठवडे

मागच्या वर्षी खोकला हटेना म्हणून घरचे त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे त्याला चांगलंच झापलं: विडी आजपासून बंद. कोणती औषधं चालू आहेत हे कुणी विचारलं नाही आणि विडी सोडायची झाली तर आधी आम्हाला कळवा, हे आम्ही सात वर्षांत त्या घराला सांगितलं नव्हतं. बहिणीनं त्याच संध्याकाळी विड्यांचा डबा कुलपात टाकला. ती गॅसची टाकी, दूध, आईची मजुरी असं सगळं कॅलेंडरच्या चौकटींत लिहिते. दादाचंही लिहीत गेली.

पहिल्या तीन दिवसांत लिहिलंय: झोप नाही, भांडण, आईच्या अंगावर ओरडला, घरभर फिरतो. चौथ्या दिवशी आईला बघवलं नाही. तिनं त्याला चिमूटभर तंबाखू आणि चुना दिला. निदान धूर तरी नको, छातीचे डॉक्टर धुराबद्दलच बोलले होते. "मळायला लागला. शांत." पुढचे दोन-तीन दिवस चौकटी रिकाम्या, म्हणजे सगळं बरं.

मग सातव्या-आठव्या दिवसापासून: "दुपारी बारापर्यंत झोपला." "उशी लाळेनं भिजली." "चार दिवस संडास नाही." "चालताना तोल जातो." "हात झटकन उडाला, कप पडला." अकराव्या दिवशी न्हाणीघरात पडला, कपाळावर चार टाके. बाराव्या दिवशी आईनं कुलूप उघडलं. पुढच्या आठवडाभरात लाळ कमी झाली, झोप उतरली, पाय ठरले. त्यानंतर ती माझ्यासमोर उभी होती.

आता हे परत वाचा. दादाला चौथ्या दिवसापासून तंबाखू मिळत होता. चुना लावून गालात धरलेल्या तंबाखूतून निकोटिन रक्तात चांगलंच उतरतं. निकोटिन हे त्याचं औषध असतं तर ते बंद झालेलंच नव्हतं. तरी तो कोसळला. बंद झाला होता फक्त धूर.

क्लोझापिन यकृतात ज्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, मुख्यतः मोडलं जातं त्याचं नाव सीवायपी१ए२. जळत्या तंबाखूच्या धुरात डांबरासारखी काही संयुगं असतात, ती या विकराचं प्रमाण वाढवतात. रोज ओढणाऱ्याच्या यकृतात ते जास्त असतं, औषध लवकर मोडतं, म्हणून त्याला डोस जास्त लागतो. दादाचे ४०० मिलिग्रॅम धुरासकट ठरवलेले होते. धूर थांबला की वाढीव विकर काही दिवसांत ओसरतं. त्याची वाढीव क्षमता दीडएक दिवसाला निम्मी होत जाते, आठवड्याभरात सगळी उतरते. गोळ्या त्याच, पण रक्तातलं क्लोझापिन दीडपट होतं, काहींमध्ये दुपटीहून वर जातं. लाळ, गुंगी, तोल जाणं, बद्धकोष्ठ, हाताला झटके हे सगळं औषध जास्त झाल्याचं चित्र आहे. झटक्यांपुढची पायरी फिट येण्याची असते. क्लोझापिनचं बद्धकोष्ठही साधं समजू नये, त्यानं आतडं बंद पडून माणसं दगावली आहेत.

यात निकोटिनचा काही हात नाही. म्हणून निकोटिनची पट्टी लावली, निकोटिनचा गम चघळला किंवा तंबाखू मळला तरी हा परिणाम टळत नाही. महाराष्ट्रात ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. विडी सोडून मळायला लागणं ही इथली अगदी नेहमीची वाट आहे. घरच्यांना ती तडजोड वाटते. क्लोझापिन किंवा त्याच विकरामुळे मोडणारं ओलान्झापिन घेणाऱ्या माणसाच्या यकृताच्या दृष्टीनं मात्र ती पूर्ण सोडण्यासारखीच आहे.

तीन प्रकारचे त्रास एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यांना एकच नाव मिळतं: आजार उलटला. खरं तर वेळ आणि चेहरा पाहिला तर ते वेगळे करता येतात. निकोटिन न मिळाल्याचा त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो, दोन ते चार आठवड्यांत विरतो आणि त्यात माणूस जागा, चिडका, अस्वस्थ असतो. औषध चढल्याचा त्रास पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसतो आणि त्यात माणूस झोपाळू, ओलसर, ढिला असतो. आजार खरोखर उलटला तर आवाज वाढतात, जुना संशय परत येतो आणि ते सहसा हळूहळू येतं. आईनं पहिल्या त्रासावर तंबाखू दिला आणि तो बरोबर लागू पडला. दुसऱ्यावर विडी दिली, तीही लागू पडली, कारण धुरानं विकर परत वाढवलं आणि जादा औषध मोडू लागलं. तिचं निरीक्षण अचूक होतं. बहिणीनं फोनवर काढलेला कॅलेंडरचा फोटो मला दाखवला तेव्हा मी तो आमच्या डॉक्टरांपुढे ठेवला. ते दोन मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "ही आपली चूक आहे."

"विडी म्हणजेच त्याचं औषध"

तरी त्या कल्पनेला एका घराच्या कॅलेंडरवरून मोडीत काढणं बरोबर नाही. तिच्यामागे प्रयोगशाळेतलं काम आहे. डोक्याला तारा लावून माणसाला अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन टिकटिक ऐकवतात. निरोगी मेंदू दुसऱ्या आवाजाला कमी दाद देतो, जणू म्हणतो की हे आत्ताच ऐकलं. स्किझोफ्रेनियात पुष्कळांच्या मेंदूत ही गाळणी नीट चालत नाही, दुसरा आवाजही पहिल्याइतकाच घुसतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी दाखवलं की सिगारेट ओढल्यावर ही गाळणी सुधारते. पण सुधारणा थोडाच वेळ टिकते. त्यावरून निकोटिनच्या एका विशिष्ट ग्राहीला, अल्फा-७ला, चेतवणारी औषधं बनवण्याची धडपड झाली. त्यातलं एन्सेनिक्लिन मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथे फसलं. निकोटिनमुळे लक्ष थोडं सुधारतं हे खरं, पण त्यातून आजाराचं औषध काही निघालं नाही.

बाकीचे दुवेही सैल आहेत. दादासारखेच बहुतेक रुग्ण आजाराच्या आधीच ओढायला लागलेले असतात. जो आजार अजून आलेलाच नाही त्यावर इलाज कसला? आणि हा आवेग निव्वळ जैविक असता तर जगभर सारखा दिसायला हवा होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वीस देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांत धूम्रपानाचं प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास निघालं. पण चेन्नईत बाह्यरुग्ण विभागातल्या पुरुष रुग्णांत २००२ साली ते ३८ टक्के होतं, तिथल्या सर्वसाधारण पुरुषांहून फारसं वेगळं नाही. घरी राहणारा, खिशात स्वतःचा पैसा नसलेला, वडीलधाऱ्यांसमोर न ओढणारा रुग्ण कमी ओढतो. दादाच्या घरी विड्या फुकट, म्हणून चाळीस.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अमेरिकेत तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खटल्यांमुळे खुली झाली. ती चाळून संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की "रुग्ण स्वतःचा इलाज करतात" या दिशेच्या संशोधनाला या उद्योगानं पैसा पुरवला होता आणि मनोरुग्णालयांना धूम्रपानबंदीतून सूट मिळावी यासाठी खटपटही केली होती. सगळं संशोधन विकतचं होतं असा याचा अर्थ नाही. पण ही कल्पना आम्हा लोकांना इतकी सोयीची का वाटत आली, हे विचारण्याजोगं आहे. ती मान्य केली की विडी सोडवायचं अवघड काम करावं लागत नाही.

भाच्याची गोष्ट, थोडक्यात

बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा दादाला घेऊन यायचा. त्याचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजाराचं, निदान झालेलं, औषध स्वतःच सोडलेलं आणि सिगारेट दिवसाला दहा-बारा. "अभ्यासाला बसायला लागते," म्हणाला. एडीएचडीत ही कल्पना जास्त पटण्यासारखी आहे, कारण निकोटिननं लक्ष खरोखर काही वेळ सुधारतं आणि या मुलांत ओढणं लवकर सुरू होऊन लवकर घट्ट होतं. पण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्मं होतं आणि मग लक्ष उडतं. ते किती आजारामुळे आणि किती तलफेमुळे, हे त्याला आतून कळणं अशक्य. एडीएचडीचा उपचार नियमित चालू राहिला तर पुढे ओढण्याचं प्रमाण कमी राहतं असं दिसतं, पण त्याचं औषध मेथिलफेनिडेट नुसतं दिल्यानं सिगारेट सुटते असं नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत पट्टीच्या जोडीला ते दिल्यावर लक्ष सुधारलं, सोडणाऱ्यांचा आकडा मात्र तेवढाच राहिला. म्हणून त्याचं औषध परत सुरू करून सिगारेटीसाठी वेगळी योजना केली: लहान मुदती, फोनवर आठवणीचे गजर, गमची पाकिटं दप्तरात, खोलीत आणि गाडीच्या डिकीत, कारण एकच पाकीट असलं की तो ते हमखास विसरतो. मेथिलफेनिडेटचं मोडणं धुरावर अवलंबून नसतं, त्यामुळे मामासारखी डोसाची कसरत तिथे करावी लागली नाही.

दुसरी खेप

दादाशी बोलताना आधी मी सोडण्याचा विषयच काढला नाही. त्याला कागद दिला आणि प्रत्येक विडीला एक रेघ मारायला सांगितली, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र एवढेच चार रकाने. आठवड्यानं बसून रेघा वाचल्या. सकाळी नऊच्या आत अकरा. त्या तलफेच्या, रात्रभराचा उपास मोडायच्या. आवाजांमुळे किती, असं विचारलं तर म्हणाला, "आवाज येतच असतात. विडी संपेपर्यंत मी तिकडं बघत नाही." तशा दिवसाला चार-पाच. उरलेल्या दुपारच्या. त्या का, तर तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग काय करू?"

त्या प्रश्नाला गोळी नव्हती. आईचं सूप आणि जर्दा शेजारच्या बाईच्या ओसरीवर हलवायचं ठरलं, ती आणि आई एकत्र वळतात. दुपारी दादा भाच्याबरोबर एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद लावायला जाऊ लागला. मोबदला रोजचा चहा आणि थोडे पैसे, हातात रोख.

आधी सहा आठवडे नुसतं कमी करणं. चाळीसवरून पंधरा. कमी करताना ओढ भागावी म्हणून निकोटिन गम. सर्वसाधारण रुग्णाला आम्ही एक तारीख ठरवून सोडायला लावतो. पण इथे मुदत लांब ठेवावी लागते, हे इंग्लंडमधल्या स्किमिटार-प्लस या चाचणीतूनही घेण्यासारखं आहे. तिथे तीव्र मानसिक आजार असलेल्या ५२६ जणांपैकी निम्म्यांना मानसिक आरोग्यातलाच प्रशिक्षित माणूस घरी जाऊन भेटत होता, आधी कमी करू देत होता, घसरले तर परत उभं करत होता. सहा महिन्यांनी सुटलेले १४ टक्के, नेहमीच्या सेवेत ६ टक्के. वर्षानं फरक आकसून १५ आणि १० झाला. आकडे लहान आहेत. दादाच्या बहिणीला मी ते तसेच सांगितले.

कमी करण्याच्या या काळात क्लोझापिनचा डोस हलवला नाही. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. सिगारेटच्या हिशोबात दिवसाला सात ते बारा ओढल्या तरी विकर जवळपास पूर्ण वाढलेलं राहतं. चाळीसवरून पंधरावर आल्यानं औषधाला फारसा फरक पडत नाही. कडा असतो तो शेवटच्या दहा-पंधरा आणि शून्य यांच्यामध्ये. त्यामुळे "चांगलं चाललंय, काही त्रास नाही" असं म्हणत कमी करत आलेला माणूस शेवटच्या आठवड्यातच पडतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शून्याचा दिवस ठरला. आदल्या सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, क्लोझापिनच्या पातळीसाठी रक्त घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. ४०० मिलिग्रॅमवर मिलिलिटरला ३७२ नॅनोग्रॅम. साधारण ३५०च्या वर गुण येतो, त्यामुळे आकडा हवा तिथेच होता. धूर थांबल्यावर काहीच केलं नसतं तर तो साडेपाचशेच्या पुढे गेला असता. मग डॉक्टरांनी चार दिवसांत रोज २५ कमी करत ३०० केलं. बहिणीनं चार छोट्या डब्यांवर तारखा चिकटवल्या. आठव्या दिवशी परत रक्त: ३०० मिलिग्रॅमवर ४१८. गोळी पाऊण आणि पातळी आधीपेक्षा थोडी जास्तच. आईला हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. ती अक्षरओळख असलेली आहे, आकडे वाचते. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे विडी गोळी खात होती?"

होय, तेच.

निकोटिन मात्र आम्ही भरपूर दिलं. २१ मिलिग्रॅमची पट्टी सकाळी, वर ४ मिलिग्रॅमचे गम दिवसाला आठ-दहा. अशा रुग्णांना नेहमी कमी निकोटिन दिलं जातं, मग तलफ राहते आणि पट्टी "लागू पडत नाही" असं ठरतं. गम वापरायला शिकवावा लागतो: दहा-पंधरा वेळा चावायचा, चुणचुण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. सतत चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, काम होत नाही. दादाला हे शिकवायला एक मिनिट लागलं. तंबाखू गालात धरायची सवय होतीच. चहा गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना नाही, नाहीतर निकोटिन शोषलं जात नाही. चहा तसाही आठ कपांवरून चारवर आणला, कारण चहातलं कॅफिनही त्याच विकरामुळे मोडतं. विडी सुटली की तेवढाच चहा जास्त चढतो, झोप उडवतो आणि क्लोझापिनलाही वर ढकलतो.

दर आठवड्याला तो आमच्या कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रात फुंकायचा. सुरुवातीला २६, शून्याच्या दिवसानंतरच्या आठवड्यात ३. फुप्फुसांबद्दल मी जे काही बोलले त्यातलं त्याला काय पोचलं ठाऊक नाही, पण तो आकडा त्याला फार आवडला. बहिणीला फोन करून सांगायचा.

धूम्रपान सोडवायला मदत करणारं व्हेरेनिक्लिन डॉक्टरांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं. बहीण तयार नव्हती. मानसिक आजाराच्या माणसाला ते देऊ नये, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं खोटं नव्हतं, जुनं होतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००९ साली तसा ठळक इशारा छापायला लावला होता. २०१६ साली आठ हजारांवर लोकांची ईगल्स चाचणी आली, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता. व्हेरेनिक्लिननं मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही आणि सोडवण्यात ते सगळ्यांत सरस ठरलं. त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. दुसरी गोळी, ब्युप्रोपिऑन, आम्ही विचारातच घेतली नाही. तीही फिटची शक्यता वाढवते आणि क्लोझापिनही.

जानेवारीत गड्डा यात्रा आली. जत्रेत जुने मित्र भेटले, चार दिवसांत रोज दहा-बारा विड्या. बहिणीचा फोन दुसऱ्याच दिवशी आला, कारण आमचं तसं ठरलं होतं: ओढली तर त्याच दिवशी कळवायचं, कुणी रागावणार नाही. हा शिष्टाचाराचा भाग नाही. लपवून ओढत राहिला तर विकर परत वाढणार, ३०० मिलिग्रॅम अपुरे पडणार आणि दोन-तीन आठवड्यांनी आवाज खरंच परत येणार. मग डोस परत ४००च्या दिशेनं न्यावा लागतो. चार दिवसांत थांबला म्हणून डोस हलवला नाही, फक्त आठवड्याला दोनदा फोन ठेवले. बहीण या वेळी स्वतःच म्हणाली, ती आधी नको म्हटलेली गोळी द्या. मूत्रपिंडाची तपासणी करून व्हेरेनिक्लिन सुरू केलं, तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चार दिवस दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा. पोटभर जेवणानंतर घेतली तर मळमळ थोडी कमी असायची. बारा आठवड्यांनी नेहमी बंद करतात. आम्ही चालू ठेवलं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराच्या, बारा आठवड्यांत धूम्रपान सुटलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत ते घेतलेल्यांपैकी ६० टक्के लोक वर्षअखेर धूरमुक्त होते. बारा आठवड्यांनंतर औषध नसलेली दिखाऊ गोळी दिलेल्यांत १९ टक्के.

आता ऑगस्ट. यंत्रावर २. क्लोझापिन ३०० मिलिग्रॅमवर, पातळी ४०५. लाळ रात्रीची थोडी आहे, संडास रेचकावर रोज होतं, वजन तीन किलो वाढलं आहे आणि ते आम्हाला आवडलेलं नाही. आवाज आहेत तेवढेच आहेत, वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. गम अजून दिवसाला तीन-चार. तंबाखू मळणं महिन्यातून एखादवेळी होतं आणि ते तो आपणहून सांगतो. त्याच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिलंय: "धूर बंद. पुन्हा सुरू झाल्यास किंवा कुठेही भरती झाल्यास क्लोझापिनचा डोस तपासा." तसाच एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बहिणीनं छातीच्या डॉक्टरांच्या फाइलला टाचणीनं लावला आहे.